सीईटी आता दोनदा : दुसऱ्यांदा बसल्याने नुकसान होतं का?

गेल्या काही दिवसांत शाळेत, मशिदीबाहेर, अगदी किराणा दुकानातही पालक आम्हाला एकच प्रश्न विचारतायत. "सर, मुलगी दुसऱ्यांदा सीईटीला बसली आणि कमी पडले, तर पहिले मार्क जातील का?" माजलगाव असो की गेवराई, भीती हीच आहे. याचं उत्तर सरळ आहे: नाही, जात नाहीत. खरी अडचण दुसरीकडे आहे आणि तिच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

आधी नियम समजून घेऊ. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी प्रवेशासाठीची एमएचटी-सीईटी 2026 च्या प्रवेशापासून वर्षातून दोनदा घ्यायचं राज्य सरकारने ठरवलं. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील यांनी तशी घोषणा केली. पहिली परीक्षा एप्रिलमध्ये, ती द्यावीच लागते. दुसरी मे महिन्यात, ती ऐच्छिक. दोन्ही दिल्या तर ज्या परीक्षेत पर्सेंटाइल जास्त, तेच प्रवेशासाठी धरायचं. म्हणजे मेमध्ये पेपर बिघडला तरी एप्रिलचं पर्सेंटाइल शाबूत राहतं. देशपातळीवर जेईई मेनमध्ये 2019 पासून हेच चालू आहे, त्यामुळे ही पद्धत काही नवी नाही. आपल्या राज्याच्या परीक्षेला मात्र ती नवी आहे.

आता पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आपल्या घरांत अजून नीट पोहोचलेलं नाही. सीईटी अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या शिफ्टमध्ये, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते. म्हणून प्रत्येक शिफ्टमधल्या मुलांची तुलना त्याच शिफ्टमधल्या मुलांशी करतात. समजा एका शिफ्टला 10,000 मुलं बसली आणि त्यातल्या 8,500 मुलांचे गुण तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत, तर त्याचं पर्सेंटाइल 85. त्याला 200 पैकी किती पडले, ते यात कुठेच दिसत नाही. सोबत कोण बसलं होतं, त्यावर सगळं ठरतं.

आणि दुसऱ्या परीक्षेला सोबत कोण बसणार? ज्यांना सीईटीत रसच नव्हता, नुसता फॉर्म भरून ठेवला होता, अशी बरीच मुलं मेमध्ये येणार नाहीत. ज्यांना हवं ते आधीच मिळालंय, त्यांच्यातलेही काही घरीच बसतील. येतील ती मुख्यतः तयारी करणारी, थोडक्यासाठी हुकलेली मुलं. त्यामुळे एप्रिलमध्ये जेवढ्या गुणांवर 85 आले, तेवढ्याच गुणांवर मेमध्ये 85 येतीलच असं धरू नये. नुसते गुण थोडे वाढले म्हणजे पर्सेंटाइल वाढेलच, असं नाही. गुण चांगलेच वाढायला हवेत.

मग बसूच नये का? इथेच ती दुसरी गोष्ट येते. न बसणाऱ्याचं पर्सेंटाइल तेच राहतं, पण प्रवेश पर्सेंटाइलच्या आकड्याला मिळत नाही. तो मिळतो मेरिट नंबरला, म्हणजे तुमच्या पुढे किती मुलं आहेत त्याला. साधा हिशोब करून पाहू. समजा यादीत एक लाख मुलं आहेत आणि तुमची मुलगी 82 पर्सेंटाइलवर आहे, म्हणजे अंदाजे 18,000 मुलं तिच्या पुढे. तिच्या लगेच मागे असलेल्या 20,000 मुलांपैकी निम्मी, म्हणजे 10,000 मुलं मेमध्ये बसली आणि त्यातली पाव मुलं तिच्या पुढे गेली, तर 2,500 जण वाढले. मुलगी घरी बसलेली, पर्सेंटाइल 82 च, पण नंबर 18,000 वरून 20,500 वर गेला. आकडे मनाचे आहेत, घडतं मात्र असंच. म्हणून "आपले आहेत तेवढे ठीक आहेत, कशाला पुन्हा" असं म्हणून स्वस्थ बसणंही फुकट पडत नाही.

यातून एक इशाराही निघतो. मागच्या वर्षांच्या कॉलेजवार कटऑफ याद्या आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्या एकाच परीक्षेच्या काळातल्या आहेत. दोन संधी मिळाल्यावर अनेकांचं पर्सेंटाइल चढेल, म्हणजे तीच सीट मिळवायला जास्त पर्सेंटाइल लागेल. सीईटी सेलच्या कटऑफ यादीत पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही छापलेला असतो. पुढे प्रवेशफेरीत आपला मेरिट नंबर हातात आला की त्याच नंबराशी ताडून बघा. सीटा फारशा बदललेल्या नसतील तर तो जास्त भरवशाचा.

आता निर्णय घ्यायचा कसा? आमच्या मते निकालाच्या आकड्यापेक्षा उत्तरपत्रिका जास्त बोलते. परीक्षेनंतर सीईटी सेल उमेदवाराच्या लॉगिनमध्ये प्रश्न, त्याने दिलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर दाखवतं. कॅफेवाल्याकडून फक्त निकालाची प्रिंट घेऊन परत येऊ नका. हे सगळं काढून घ्या आणि मुलासोबत एक संध्याकाळ बसा.

उदाहरण म्हणून अंबाजोगाईची एक मुलगी धरा, पीसीबी ग्रुपची. भौतिक आणि रसायनच्या पेपरला 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं. जीवशास्त्रालाही 100 प्रश्न आणि 90 मिनिटंच. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. पहिल्या पेपरात तिचे 65 प्रश्न वाचून झाले, त्यातले 32 बरोबर. उरलेल्या 35 प्रश्नांवर शेवटच्या दोन मिनिटांत आंधळेपणाने टिक केलं, कारण निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यात 9 लागले. जीवशास्त्रात 52. एकूण 93.

या 93 मध्ये नशिबाचा वाटा किती, ते आधी बघायला हवं. चार पर्याय असतील तर आंधळ्या टिकमधला साधारण चौथा हिस्सा बरोबर येतो. 40 प्रश्न अंदाजाने सोडवले तर सरासरी 10 लागतात, पण कधी 7 तर कधी 13 ही लागतात. म्हणजे काहीही न शिकता मेमध्ये तीन गुण वाढू शकतात, कमीही होऊ शकतात. गणिताच्या पेपरात प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा, तिथे हा झोका दुप्पट. त्यामुळे "फक्त तीन-चार मार्कांनी हुकलं, पुन्हा बसला की होईल" हे वाक्य ऐकलं की आम्ही थोडं सावध होतो.

तर या मुलीला नशिबापलीकडे काय मिळू शकतं? तिचे 35 प्रश्न वेळेअभावी गेले. घड्याळ लावून रोज एक पेपर सोडवला तर महिन्याभरात ती त्यातले 20 वाचू शकेल आणि निम्मे बरोबर आले तर 10. आंधळ्या टिकमध्ये त्या 20 मधून तिला 5 च मिळाले असते. म्हणजे पाच गुणांची वाढ. दुसरं, सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि तेही ठरावीकच धड्यांवर. बारावीच्या नादात तिने अकरावीचं जीवशास्त्र उघडलंच नव्हतं, त्यामुळे तिथल्या 20 प्रश्नांत 5 लागले. ते थोडके धडे नीट वाचले तर 12 यायला हरकत नाही, म्हणजे सात गुण. एकूण बारा गुण, तेही नशिबाच्या झोक्याच्या बाहेरचे. मधल्या गुणांवर मुलांची दाटी असते, तिथे बारा गुण म्हणजे बरीच मुलं मागे पडतात. हिने जरूर बसावं.

याउलट एखाद्या मुलाने सगळे प्रश्न वाचले, वेळही उरला, पण चुका सगळ्याच धड्यांत विखुरलेल्या आहेत. ते कच्चेपण चार आठवड्यांत भरून निघत नाही. तोही बसला तर पर्सेंटाइल गमावणार नाही, फक्त त्याच्या हाती उरते ती त्या दोन-तीन गुणांची चिठ्ठी. तेवढ्यासाठी परीक्षेची फी, बीडहून संभाजीनगरचं सेंटर आलं तर सव्वाशे किलोमीटरच्या पुढचा एसटीचा प्रवास, सकाळच्या शिफ्टसाठी आदल्या रात्रीचा मुक्काम आणि मेचं ऊन हे सगळं परवडतं का, ते घराने ठरवावं. (सप्टेंबर 2025 मध्ये बीडला रेल्वे आली खरी, पण ती अहिल्यानगरकडे जाते.) मुलीसोबत अब्बा किंवा भाऊ जाणार असेल तर त्याचीही दोन दिवसांची मजुरी धरा.

नीट देणाऱ्या मुलांचा विषय वेगळा. नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी होते आणि वर्षातून एकदाच. ही मुलं एप्रिलची सीईटी बहुधा अर्ध्या मनाने देतात. नीट झाल्यावर अभ्यास ताजा असतो, फक्त वेग कमी पडतो, कारण नीटमध्ये 180 प्रश्नांना 180 मिनिटं मिळतात. त्यांच्यासाठी मेची सीईटी हीच खरी सीईटी. नीट संपली म्हणून पुस्तकं बांधून ठेवू नका. 2026 मध्ये रमजान आणि बारावीचे पेपर एकाच काळात आले, त्यामुळे एप्रिलची तयारी कमी पडलेल्या मुलांनाही हेच लागू.

अर्जाची मुदत निकालासाठी थांबेल असं गृहीत धरू नका. मनात दुविधा असेल तर मुदतीत फॉर्म भरून ठेवावा. भरला म्हणून बसलंच पाहिजे असं नाही. नाही बसलं तर फी जाते, एप्रिलचं पर्सेंटाइल कायम राहतं.

मात्र काही घरांत ही सगळी धावपळ चुकीच्या दारावर चालू असते. डी. फार्मसीचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, तिथे सीईटी दोनदा देऊन काही उपयोग नाही. त्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, तिच्यात सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. आणि मुलींच्या बाबतीत तर एक कागद दोन पर्सेंटाइलपेक्षा भारी पडू शकतो. राज्याने 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, मग कॉलेज खासगी असलं तरी चालतं. आपल्या ज्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत त्यांना जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर लागतो. ज्या नाहीत, त्यांना उत्पन्न बसत असेल तर ईडब्ल्यूएस काढता येतं. फक्त सरकारी कॉलेजची फी झेपते म्हणून तुमची मुलगी दुसऱ्यांदा बसत असेल, तर आधी तहसीलमध्ये जाऊन हा दाखला मिळतो का ते बघा. तो मिळाला तर खासगी आणि सरकारी यांतला शिक्षण शुल्काचा फरकच उरत नाही, आणि मग निवडायचं ते कॉलेज शिकवतं कसं आणि घरापासून किती दूर आहे एवढ्यावर. हे काम मेच्या परीक्षेआधी सुरू करा. जूनमध्ये सेतू केंद्रात रांग कशी असते ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.