काचेवरचे पांढरे डाग : ॲसिडची बाटली उघडण्याआधी नख लावून पाहा

आरमोरीत गेल्या काही वर्षांत बांधलेल्या घरांमध्ये एक नवी हौस दिसू लागली आहे. न्हाणीघरात पडद्याऐवजी काचेचे दार आणि खिडक्यांना मोठमोठ्या स्लायडिंग काचा. घरभरणीच्या दिवशी हे सगळे चकाकते. पण घरात पाणी बोअरचे असेल, तर काही महिन्यांतच काचेवर पांढुरके ठिपके दिसू लागतात. साबणाने धुतले, कापडाने पुसले, तरी काच वाळली की ठिपके जागच्या जागी. मग कोणीतरी टॉयलेटचे ॲसिड आणून देतो आणि ते ओतण्याचे काम बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या किंवा कामवालीच्या वाट्याला येते.

इथेच थांबायला हवे. हे डाग काढायला ॲसिड लागते हे खरे, पण ते स्वयंपाकघरातले. आणि प्रत्येक पांढरा डाग ॲसिडने जात नाही, हेही तितकेच खरे.

डाग येतो कुठून?

गडचिरोली जिल्ह्याच्या मोठ्या भागात जमिनीखाली जुना, कठीण खडक आहे. बोअरचे पाणी त्याच्या भेगांमधून झिरपत येते आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार व थोडी सिलिका विरघळवून आणते. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही त्याची घरगुती ओळख. वैनगंगेसारख्या नदीचे पाणी साधारणपणे बोअरच्या पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे एकाच गावात एका घरी काच स्वच्छ आणि शेजारी ठिपकेदार, असे होऊ शकते.

थेंब काचेवर बसतो आणि वाळतो. उडून जाते ते फक्त पाणी. त्यातला विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन काचेवरच राहतो. उद्याचा थेंब त्यावरच बसतो आणि थर वाढतो.

हिशेब करून पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली मानली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. समजा, एका घरच्या बोअरला ती 400 आहे. घरात चार माणसे. प्रत्येक आंघोळीनंतर दारावर 50 मिलिलिटर, म्हणजे अर्धी चहाची कपभर, पाणी चिकटून राहते. दिवसाला 200 मिलिलिटर पाणी म्हणजे 80 मिलिग्रॅम चुना. महिन्याला झाला जवळपास अडीच ग्रॅम, अर्धा चमचा खडूची पूड. ती रोज थोडी थोडी काचेवर लिंपली जाते.

खिडकीचा खरा शत्रू कूलर

न्हाणीघराचे कोडे सुटते, पण खिडकीच्या काचेवर डाग कसे? तिथे तर कोणी आंघोळ करत नाही. याचे उत्तर विदर्भातल्या उन्हाळ्यात आहे. कूलर खिडकीला लावलेला असतो आणि त्याचे तुषार शेजारच्या काचेवर उडत राहतात.

कूलरचे पाणी नळाच्या पाण्यासारखे राहत नाही. टाकी 40 लिटरची आणि मे महिन्यात दिवसाला 60 लिटर पाणी उडते असे धरू. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच उरतात. सुरुवातीच्या भरलेल्या टाकीत 16 ग्रॅम क्षार होते. रोज नवे 60 लिटर ओतले की 24 ग्रॅम वाढतात. पाच दिवसांत 136 ग्रॅम. त्यातले काही गवतावर आणि तळाशी बसतात, पण टाकीतले पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, हिशेबाने आठपटीपर्यंत, खारट झालेले असते. तेच थेंब काचेवर उडतात. म्हणून कूलरजवळच्या काचेचा थर न्हाणीघरापेक्षाही जाड आणि चिवट असतो. उन्हाने तापलेल्या काचेवर तो लगेच वाळतो, त्यामुळे पुसायला वेळच मिळत नाही.

यावर उपाय काचेवर नाही, टाकीत आहे. दर दोन-तीन दिवसांनी उरलेले पाणी ओतून टाकायचे आणि टाकी ताज्या पाण्याने भरायची. हे ज्या घरी होते, त्या घरची काच कमी खराब होते. कूलरचे गवतही जास्त टिकते.

आधी तपासा, मग पुसा

पांढरा दिसणारा डाग तीन प्रकारचा असतो. औषध लावण्याआधी रोग ओळखायला हवा.

कोरड्या काचेवर नख हलके फिरवा. खरखरीत लागले, तर वर काहीतरी बसलेले आहे. आता त्यातली नाण्याएवढी जागा निवडून तिथे लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पंधरा मिनिटे धरा. डाग विरघळला, नख गुळगुळीत फिरले, तर तो चुना. हा सहज जातो.

खरखर जशीच्या तशी राहिली, तर थरात सिलिका आहे. सिलिका म्हणजे काचेचीच जात. ती लिंबाने वा व्हिनेगरने हलत नाही. बाजारातले महागडे डागनाशकही जर आम्लावरच चालणारे असेल, तर तिथे हरते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. नख गुळगुळीत फिरते, काच ओली केली की स्वच्छ दिसते, पण वाळली की पुन्हा धुरकट. इथे बहुधा वर काही बसलेलेच नाही, काचेचा पृष्ठभागच झिजला आहे. वर्षानुवर्षे क्षारांचे पाणी वाळत राहिले किंवा तारेच्या घासणीने रगडले की असे होते. काच ओली झाल्यावर स्वच्छ दिसते म्हणून माणूस आणखी घासतो आणि नुकसान वाढवतो.

चुन्याचा डाग काढायची रीत

सुरुवात आम्लाने करायची नाही. न्हाणीघरातल्या काचेवर चुन्यासोबत साबणाची साय असते. ती तेलकट असल्यामुळे आम्ल खालच्या चुन्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी भांडी घासायचे लिक्विड आणि स्पंज वापरून काच धुवा आणि खळबळून टाका.

मग पाव लिटर कोमट पाण्यात दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम, लिंबूफूल विरघळवा. सायट्रिक ॲसिड म्हणजेच हे लिंबूफूल. वर हिशेब केलेल्या महिनाभराच्या अडीच ग्रॅम चुन्याला साधारण साडेतीन ग्रॅम लिंबूफूल पुरते, त्यामुळे हे पाणी भरपूर झाले. व्हिनेगर असेल तर तेही तसेच चालते, फक्त वास जास्त.

उभ्या काचेवर पाणी फवारले तर ते ओघळून जाते आणि काम होत नाही. जुने सुती कापड त्यात भिजवून काचेला चिकटवा आणि वरून प्लास्टिकची पिशवी लावा. पंधरा मिनिटे ओले राहू द्या. वाळू द्यायचे नाही, कारण चुना आणि लिंबूफूल मिळून तयार होणारा क्षार पाण्यात फार कमी विरघळतो. तो काचेवर वाळला तर नवीन पांढरी पूड तयार होते आणि 'उपायाने डाग वाढला' असे वाटते.

यानंतर मऊ स्पंजने पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि रबरी वायपरने वरून खाली ओढून लगेच कोरडे करा. थर जाड असेल तर ताजे पाणी करून पुन्हा एकदा. काच तापलेली नसावी, म्हणून खिडकीचे काम सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर.

जवळच कडप्पा, कोटा किंवा संगमरवर असेल तर तो आधी झाका. हे दगडही चुन्याचेच आहेत, आम्ल त्यांनाही खाते. ॲल्युमिनियमची चौकट लगेच धुवा. आणि मोबाइलवर फिरणारा खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला ऐकू नका. फेस उठतो, पण दोघे एकमेकांना निकामी करतात आणि हाती उरते जवळपास नुसते मिठाचे पाणी.

सिलिकाच्या डागासाठी सिरियम ऑक्साइड ही काच पॉलिश करायची पूड ओल्या नमद्यावर घेऊन हलक्या हाताने घासतात. आधी कोपऱ्यात तपासावे, कोरडी घासू नये आणि काचेवर खास थर दिलेला असेल तर वापरू नये. झिजलेल्या काचेला मात्र घरगुती औषध नाही.

टॉयलेट ॲसिड का नको?

टॉयलेटच्या ॲसिडने चुना क्षणात जातो, म्हणून मोह होतो. पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. चौकट, नळाची चकाकी, फरशीच्या सांध्यातले सिमेंट यांनाही ते खाते. बंद न्हाणीघरात त्याच्या वाफा छातीत जातात. त्यात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे लिक्विड मिसळले, तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. सिलिकाचा डाग मात्र तेही काढू शकत नाही. ज्या आम्लाने सिलिका विरघळते त्यात फ्लोराइड असते. ते त्वचेतून आत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून घरात त्याला थाराच नको.

खरा प्रश्न काचेचा नाही

काच वाळण्याआधी पुसली तर डाग बसणारच नाही, इतके हे साधे आहे. आंघोळ झाली की दारावरून वायपर ओढायला अर्धे मिनिटही लागत नाही. त्याने दहापैकी नऊ भाग पाणी खाली गेले, तर महिन्याचा अडीच ग्रॅम चुना पाव ग्रॅमवर येतो. खिडकीची शेवटची धुणी पावसाच्या साठवलेल्या पाण्याने किंवा एसीच्या नळीतून टपकणाऱ्या पाण्याने केली तर उत्तम, कारण त्यात क्षार नसल्यासारखेच. उलट आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी काचेला लावू नये, ते बोअरपेक्षाही जड असते.

पण हे अर्धे मिनिट कोण देणार? घर बांधताना काचेचे दार निवडणारा एक असतो आणि ते घासणारी दुसरीच. म्हणून ठेकेदाराला काचेचा भाव विचारण्याआधी पाण्याची एकूण कठीणता तपासून घ्यावी. ती चारशेच्या घरात असेल आणि रोज वायपर फिरवायची घरातल्या प्रत्येकाची तयारी नसेल, तर साधा पडदा लावावा. पडदा वर्षाने बदलता येतो. झिजलेली काच बदलायची तर दारच बदलावे लागते.