ऐकून न घेतलेली सुनावणी

आमच्या तालुक्यातल्या एका साखर कारखान्याला मळीपासून अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी उभारायची आहे. रोज साठ हजार लिटर. त्यासाठीची जनसुनावणी पार पडली, असे कागद सांगतो. आम्ही तिथे हजर होतो आणि आमचे म्हणणे आहे की या सुनावणीच्या जोरावर पर्यावरण मंजुरी देता येणार नाही.

मंडप कारखान्याच्या आवारात होता. त्याला आमची हरकत नाही, 2006 च्या अधिसूचनेत ते बसते. पण ऐन सोयाबीन काढणीत, रोज बुडवून चाळीसेक बायका आल्या, त्यांच्या हाती काय पडले? मूळ अहवाल इंग्रजीत. मराठी सारांशात पाण्याविषयी एकच वाक्य, की सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाणार नाही. एक मावशी उठून म्हणाल्या, "साहेब, थेंब जाणार नाही, मग तळं कशाला खणताय?" "तांत्रिक प्रश्न लेखी द्या," असे म्हणून माईक नोकरी मागणाऱ्या पोरांकडे गेला.

प्रश्न तांत्रिक नव्हता, नेमका होता. लिटरभर अल्कोहोलमागे दहाएक लिटर तपकिरी, उग्र वासाचे पाणी उरते. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. म्हणजे रोज सहा लाख लिटर. ते आटवून बॉयलरमध्ये जाळू, असे अहवाल म्हणतो. बॉयलर बंद पडला की ते तळ्यात साठणार. तळ्याचे अस्तर फाटले किंवा पावसाने तळे भरून वाहिले, की ते जमिनीत मुरणार आणि उताराखालच्या विहिरींना चहासारखा रंग येणार.

हे होते पावसाळ्यात. आणि अहवालातले पाण्याचे नमुने आहेत मार्च ते मे मधले! नियमच पावसाळा सोडून एका ऋतूचे आकडे मागतो, त्यामुळे कंपनी कायद्याने बरोबर ठरते. ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीतल्या हातपंपाचा तर नमुनाच नाही. तिथून पाणी कोण भरते, हे वेगळे सांगायला नको.

सुनावणी संपताना इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचे आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही व्हायची, असा नियम आहे. आमच्यासमोर काहीही वाचले नाही. नंतर मिळालेल्या प्रतीत मावशींचा प्रश्न नाही. तिथे लिहिले आहे, 'महिलांनी रोजगाराची मागणी केली.'

गोव्यातल्या खाणीच्या, उत्कर्ष मंडळाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली बजावले होते, की लोकांच्या हरकतींवर काय विचार केला ते तज्ज्ञ समितीने कारणांसह लिहिले पाहिजे. पण हरकत कागदावरच आली नाही, तर समिती विचार कशाचा करणार? म्हणून चाळीस जणींच्या सह्या-अंगठ्यांसह आम्ही राज्याच्या प्राधिकरणाकडे हरकत पाठवली आहे. सुनावणी पुन्हा घ्या, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये त्या हातपंपाचे पाणी तपासा, वस्तीतल्या बायकांसमोर.