सर्व्हर चालूच होता, पत्ता माझा बदलला होता

शाळेचं काम क्लाउडवर ठेवणारे आता आपल्यातही बरेच आहेत. त्यांच्यासाठी हा अनुभव.

वर्गाच्या गुणनोंदीचं एक छोटं पान मी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई विभागातल्या सर्व्हरवर ठेवलं आहे. त्यात मुलांची नावं आणि गुण असल्यामुळे ते फक्त माझ्या नेवाशातल्या घरूनच उघडावं, असा नियम सिक्युरिटी ग्रुपमध्ये घातला होता. सिक्युरिटी ग्रुप म्हणजे सर्व्हरच्या दारावरचा राखणदार. त्याच्या यादीत माझ्या घरच्या इंटरनेटचा पत्ता होता: `203.0.113.45/32`. शेवटच्या `/32` चा अर्थ, हा एकच पत्ता, शेजारचाही नाही.

एका संध्याकाळी लाईट गेली, आली, राउटर पुन्हा सुरू झाला. त्यानंतर पान उघडेना. बराच वेळ नुसतं फिरत राहिलं. सर्व्हरवर लॉगिन करायला गेले तर हे आलं:

```
ssh: connect to host 198.51.100.7 port 22: Connection timed out
```

मला वाटलं, सर्व्हर गेला! पण मेख इथेच आहे. राखणदार अनोळखी माणसाला "नाही" म्हणत नाही, तो उत्तरच देत नाही. म्हणून आपल्याला टाइमआउट दिसतो. तिथे `Connection refused` आलं असतं, तर बहुधा सर्व्हरपर्यंत पोचलो पण आतली सेवा बंद आहे, असं समजलं असतं. अर्थात टाइमआउट सर्व्हर खरंच बंद असला तरी येतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही. मी कन्सोल उघडला. सर्व्हर `Running`, तपासण्याही पास. मग `checkip.amazonaws.com` वर माझा आजचा पत्ता पाहिला: `203.0.113.112`. घरगुती जोडणीला कंपनी बहुधा कायमचा पत्ता देत नाही. राउटर बंद-चालू झाला की तो बदलू शकतो.

माझं स्पष्ट मत असं, की अशा वेळी दोन गोष्टी करू नयेत. घाईने सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू करू नये. त्याला राखीव पत्ता (इलास्टिक आयपी) घेतलेला नसेल, तर असं केल्यावर सर्व्हरचाही सार्वजनिक पत्ता बदलतो आणि एकाच्या दोन अडचणी होतात. दुसरं, वैतागून नियमात `0.0.0.0/0` लिहू नये. पान लगेच उघडतं खरं, पण मग ते जगातल्या कुणालाही उघडतं. आत आपल्या वर्गातल्या मुलांची नावं आहेत. "तात्पुरतं" म्हणून उघडलेलं दार आपण किती दिवसांनी बंद करतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं (मी विचारलंय, उत्तर काही बरं नव्हतं!).

त्याऐवजी `Edit inbound rules` मध्ये जाऊन जुन्या पत्त्याच्या जागी `My IP` निवडावं. सर्व्हर बंद न करता नियम लगेच लागू होतो. माझं पान दोन मिनिटांत उघडलं. मोबाइलच्या इंटरनेटवरून मात्र असा नियम करू नका. तिथे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असू शकतो. आणि जुना नियम तसाच ठेवून नवा जोडू नका. तुमचा कालचा पत्ता आज दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेला असू शकतो, आणि राखणदार त्याला तुम्हीच समजून आत सोडेल.