ठेकेदार गायब, पैसे कुणाकडे मागायचे?

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा हंगामात कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्या माणसाला बोनसचे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. कंपनी म्हणते, ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणतो, तू वर्षभर होतास कुठे? दोन्ही उत्तरे कायद्याला धरून नाहीत, आणि ती ऐकून माणसे मुकाट घरी जातात याचा मला संताप येतो.

आधी ठेकेदाराचा प्रश्न घेऊ. बोनससाठी वर्षभर काम लागत नाही. 1965 च्या बोनस कायद्यात अट होती ती हिशेबाच्या वर्षात किमान 30 दिवस काम केल्याची. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तीच आहे. म्हणजे हंगामी कामगारही पात्र. भरपगारी रजेचे आणि कामावर अपघात होऊन घरी बसावे लागले ते दिवसही कामाचेच धरायचे. मध्येच काम सोडले म्हणून हक्क जात नाही. चोरी, अफरातफर, मारहाण किंवा मालमत्तेची नासधूस अशा मोजक्या कारणांसाठी कामावरून काढून टाकले, तरच तो जातो. आस्थापनेत वर्षातून एखाद्या दिवशी तरी 20 माणसे असावी लागतात. पगाराची मर्यादा 2015 च्या दुरुस्तीने महिना 21,000 रुपये झाली होती. नव्या संहितेत तो आकडा सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे.

नफा झाला नाही, ही सबबही किमान बोनसला चालत नाही. 8.33 टक्के द्यावेच लागतात. अपवाद नव्या उद्योगांचा. त्यांना पहिल्या पाच वर्षांत नफा होईल त्याच वर्षी बोनस देणे बंधनकारक आहे.

खरी गफलत होते ती हिशेबात. समजा, एका पॅकिंग कामगाराने नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने काम केले. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याला महिना 13,000 रुपये होते आणि त्या उद्योगातले किमान वेतन 12,500 रुपये होते. ठेकेदार महिना 7,000 धरतो, पाच महिन्यांचे 35,000 करतो आणि 2,915 रुपये हातावर टेकवतो. पण 1965 च्या कायद्यात 2015 पासून शब्द होते ते 7,000 किंवा किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते. म्हणजे 12,500 धरायचे. पाच महिन्यांचे 62,500, आणि बोनस 5,206 रुपये. जवळपास 2,300 रुपये त्या एका आकड्यात गडप होतात. नव्या संहितेतही ‘जे जास्त ते’ हाच नियम आहे, तेव्हा पावतीवर सही करण्याआधी बोनस कोणत्या रकमेवर काढला ते विचारा.

आता कंपनीचे उत्तर. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. ठेकेदाराने तो दिला नाही किंवा कमी दिला, तर राहिलेली रक्कम मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याने भरायची आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायची. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम 21 मध्ये हे स्पष्ट होते. ‘आम्ही ठेकेदाराचे बिल कधीच चुकते केले’ हा कंपनीचा बचाव कामगारापुढे टिकत नाही. तो त्या दोघांचा आपसातला हिशेब.

जुन्या कायद्यात एक फट मात्र होती. ही जबाबदारी ‘वेतना’पुरती होती, आणि नोकरीच्या करारात नसलेला बोनस वेतनाच्या व्याख्येबाहेर राहायचा. त्यामुळे पगार सुटला तरी बोनस अडकायचा. शिवाय महाराष्ट्राने त्या कायद्यासाठी कामगारांची संख्या 20 वरून 50 केल्याने लहान ठेके त्यातून निसटले. वेतन संहितेच्या कलम 43 ने ती फट बुजवली. नियोक्त्याने संहितेखालची कोणतीही रक्कम दिली नाही, तर ती देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते. आणि बोनस त्याच संहितेत आहे. संहितेने जे बदलले त्यातली कामगाराच्या बाजूची ही मोठी गोष्ट, असे माझे मत आहे.

प्रकरण अडते ते बहुधा एकाच ठिकाणी: तू आमच्या कारखान्यात होतास कशावरून? दर हंगामाला ठेकेदाराची पाटी बदलते, मुकादम तोच राहतो. म्हणून गेटपासचा फोटो, बँकेतल्या जमा रकमा, पीएफ पासबुकातले आस्थापनेचे नाव आणि हजेरीचे मेसेज जपून ठेवा. मागणी लेखी करा, ठेकेदार आणि कंपनी दोघांच्या नावे, आणि पोच घ्या. वर्ष मार्चला संपत असेल तर आठ महिन्यांत, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत बोनस मिळायला हवा. ती तारीख उलटली की जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्या. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार संहितेच्या कलम 59 प्रमाणे मालकावर आहे.