वाइनची डोकेदुखी: सल्फाइटवर आळ कशासाठी?

पुण्यातल्या दुकानात नाशिकच्या वाइनची बाटली फिरवून पाहिली, की लेबलवर सल्फाइट असल्याची सूचना दिसते. रेड वाइनच्या एका ग्लासने डोके ठणकले, की अनेक जण त्याच शब्दावर बोट ठेवतात. पुरावा मात्र वेगळे सांगतो. वाइन टिकावी म्हणून वापरले जाणारे सल्फाइट रेडपेक्षा व्हाइटमध्ये सहसा जास्त असते, तक्रार मात्र रेडचीच. केशरी रंग टिकवलेल्या सुक्या जर्दाळूत तर ते कितीतरी अधिक असते. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट त्रास देते, ही गोष्ट वेगळी.

हिस्टामिनवरचा संशय त्या मानाने रास्त. ते रेडमध्ये जास्त असते आणि ते मोडणारे एन्झाइम काहींच्या शरीरात कमी असते. पण २००१ मधल्या एका फ्रेंच चाचणीत, वाइन न सोसणाऱ्या १६ जणांना कमी आणि जास्त हिस्टामिनची वाइन कोणती ते न सांगता दिली, तेव्हा त्रासात फरक दिसला नाही.

२०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी द्राक्षाच्या सालीतल्या क्वेर्सेटिनकडे लक्ष वेधले. उन्हातल्या घडांत ते वाढते. शरीरात त्याचे जे रूप तयार होते, ते अल्कोहोल पचवणाऱ्या एका एन्झाइमला अडवते. मग अ‍ॅसिटाल्डिहाइड साचून डोके दुखत असावे, असा अंदाज. मात्र हा प्रयोग परीक्षानळीतला होता, माणसांवरचा नव्हे.

तरीही ज्याला जर्दाळू आणि व्हाइट वाइन चालते, पण रेडनेच डोके धरते, त्याने सल्फाइट न घातलेल्या बाटलीला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.