शिफारशींचा निवाडा कोणाच्या हाती?

प्रशासन सुधारणा आयोगांच्या शिफारशी कागदावरच का राहतात, असा प्रश्न निघाला की ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’ हे ठराविक उत्तर देऊन आपण मोकळे होतो. हे उत्तर खोटे नसले तरी फारसे उपयोगाचे नाही. कारण ही इच्छाशक्ती नेमकी कोणत्या टेबलाशी येऊन आटते, हे त्यावरून कळत नाही. एकाच जुन्या शिफारशीचा माग काढला तर ते अधिक स्पष्ट होते.

पहिला आयोग जानेवारी १९६६ मध्ये नेमला गेला. मोरारजी देसाई त्याचे अध्यक्ष होते व ते उपपंतप्रधान झाल्यावर के. हनुमंतय्या यांनी ती जागा घेतली. या आयोगाने एकूण २० अहवाल सादर केले. त्यांपैकी १९६९ च्या सेवकवर्गविषयक अहवालात एक मूलगामी सूचना होती. भारतीय प्रशासकीय सेवेचे कार्यक्षेत्र महसूल, दंडाधिकाऱ्याची कामे आणि राज्यांतील नियंत्रक स्वरूपाचे काम एवढेच ठरवावे. केंद्रातील धोरण आखणाऱ्या वरिष्ठ जागांसाठी मात्र अर्थ, उद्योग, शेती व ग्रामविकास, शिक्षण अशी आठ क्षेत्रे आखून, सर्व प्रथम श्रेणी सेवांतील आठ ते बारा वर्षे नोकरी झालेल्यांतून परीक्षेने निवड करावी. म्हणजे अभियंता, डॉक्टर वा हिशेब खात्यातील अधिकारी यांनाही सचिवपदाची वाट मोकळी व्हावी.

त्याच आयोगाच्या दुसऱ्या एका सूचनेचे भाग्य पाहा. केंद्रात सेवकवर्गासाठी स्वतंत्र विभाग असावा, असे आयोगाने म्हटले होते. ऑगस्ट १९७० मध्ये तो विभाग स्थापनही झाला! नवी खुर्ची निर्माण करणारी शिफारस दोनएक वर्षांत फळास आली आणि असलेल्या खुर्च्या इतरांना खुल्या करणारी शिफारस अडली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

आयोगाचा अहवाल आला की संबंधित विभाग त्यावर टिपण तयार करतो, अन्य मंत्रालयांचे अभिप्राय मागवतो आणि मग ते प्रकरण वर जाते. २००५ मध्ये वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दुसऱ्या आयोगाच्या बाबतीत मंत्रिमंडळ सचिवांच्या गटाने आधी छाननी करावी व मग मंत्रिगटाने निर्णय घ्यावा, अशी व्यवस्था होती. टिपण लिहिणारे, अभिप्राय देणारे आणि छाननी करणारे यांतील वरिष्ठ बहुधा त्याच एका सेवेचे. यात कोणाचा कट असतो असे नव्हे. ज्याच्या हक्काला कात्री लागणार त्यालाच कात्रीची धार तपासायला दिली, एवढेच. ‘नाही’ असे कोणी म्हणत नाही. ‘तत्त्वतः मान्य’, ‘अधिक विचारार्थ’ असे शेरे पडतात आणि फाईल स्वस्थ झोपते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक साधे गणित मांडील. या सुधारणेचा लाभ कोट्यवधी नागरिकांत थोडाथोडा वाटला जातो; तोटा मात्र थोड्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला पूर्णपणे येतो. त्यांना गप्प बसून चालत नाही, आपल्याला चालते. त्यात मंत्र्यांचीही सोय मिसळते. अधिकाऱ्याचे क्षेत्र ठरले की त्याला हवे तेव्हा हवे तेथे हलवण्याचे स्वातंत्र्य आक्रसते.

नोव्हेंबर २००८ च्या दहाव्या अहवालात दुसऱ्या आयोगाला जवळजवळ हेच पुन्हा लिहावे लागले: तेरा वर्षांच्या सेवेनंतर प्रत्येक अधिकाऱ्याचे कार्यक्षेत्र निश्चित करावे. अशी बंधनकारक निश्चिती झालेली नाही. एक अडचण खरी आहे. हे अधिकारी राज्यांच्या संवर्गातले. त्यांना एका क्षेत्रात ठेवायचे तर राज्यांचीही संमती हवी. विशेषज्ञाची दृष्टी अरुंद असू शकते, हा आक्षेपही अगदीच पोकळ नाही.

दरम्यान २०१८ मध्ये सहसचिवांच्या दहा जागा बाहेरच्या उमेदवारांसाठी जाहीर झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच ४५ जागांची जाहिरात, आरक्षणाची तरतूद नसल्यावरून गदारोळ होताच, काही दिवसांत मागे घेतली गेली. आक्षेप रास्तच होता. पण सुधारणेतला निवडीचे स्वातंत्र्य देणारा तुकडा सरकारने उचलला आणि सर्व सेवांना समान परीक्षेने वाट देणारा तुकडा तसाच सोडला, याची चर्चा फारशी झाली नाही.

बदल्यांबाबत मात्र वेगळे घडले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये किमान कार्यकाळ ठरवण्याचा आदेश दिला व त्यासाठी तीन महिन्यांची मुदत घातली. जानेवारी २०१४ मध्ये संवर्ग नियमांत दोन वर्षांची तरतूद आलीसुद्धा. तिला पळवाटा ठेवल्या आहेत, हे खरे. तरीही त्या प्रकरणात तारीख बाहेरच्याने घातली होती. म्हणून यापुढे एखादी शिफारस ‘स्वीकारली’ असे सरकारने सांगितले, तर कोणता नियम बदलला आणि कोणत्या तारखेपासून, एवढेच संसदेत विचारले जावे.