ड्राय शॅम्पू: तेल शोषतो, पण धूत नाही

मागच्या महिन्यात शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी दवाखान्यात न येता थेट घरीच आली. "काकू, डोकं सारखं खाजतंय आणि खांद्यावर पांढरा भुगा पडतोय. कोंडा झालाय का?" शेवटचे केस कधी धुतले, असं विचारल्यावर थोडी लाजली. म्हणाली, "आठ दिवस झाले. सकाळी साताचा क्लास असतो, केस वाळायला वेळच नसतो. रोज ड्राय शॅम्पू मारते ना!"

या "ना" मध्येच सगळी गडबड आहे. शॅम्पू म्हटलं की केस धुतले गेले असं वाटतं, पण हा शॅम्पू काहीच धूत नाही.

स्वयंपाकघरात फरशीवर तेल सांडलं की आपण आधी त्यावर थोडं पीठ टाकतो. पीठ तेल शोषून घेतं, मग आपण ते पुसून काढतो. ड्राय शॅम्पूचं तत्त्व हेच. डब्यात तांदळाचा किंवा तसलाच बारीक स्टार्च असतो, सोबत अल्कोहोल, सुगंध आणि फवारा उडवणारा ब्युटेन किंवा प्रोपेनसारखा वायू. वायू आणि अल्कोहोल लगेच उडून जातात. स्टार्च केसांच्या मुळाशी बसतो आणि टाळूतून येणारा तेलकटपणा शोषतो. चिकटलेले केस मोकळे होतात, फुगीर दिसतात.

फरक इतकाच की फरशीवरचं पीठ आपण पुसतो. डोक्यावरचं मात्र ब्रशने थोडंच निघतं, बाकीचं तेलासकट तिथेच राहतं. दुसऱ्या दिवशी त्यावर नवीन तेल, घाम, धूळ आणि पुन्हा नवीन स्टार्च. आठ दिवसांत टाळूवर त्याचा थर जमतो.

आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर मॅलेसेझिया नावाची एक बुरशी राहते. ती तेलावर जगते. एरवी ती त्रास देत नाही, पण तेल दिवसेंदिवस साचू दिलं, की काहींच्या टाळूला खाज येते, लाली येते, कोंडा वाढतो. ड्राय शॅम्पूने केस तेलकट दिसत नाहीत, म्हणून धुणं लांबतं, आणि त्रास तिथून सुरू होतो. शिवाय अल्कोहोलने कोरडी टाळू आणखी कोरडी होते, आणि काहींना सुगंधाची ॲलर्जी असते.

मग तिच्या डोक्यातला भुगा कोंडा होता की नुसता स्टार्च? मी तिला एक सोपी परीक्षा सांगितली. केस नीट भिजवून साध्या शॅम्पूने बोटांच्या पेरांनी टाळू चोळून दोनदा धुवायची आणि पुढचे चार दिवस फवारा बंद. भुगा परत आला नाही, तर तो स्टार्च होता. तेलकट, पिवळसर पापुद्रे परत आले, तर कोंडा. तिचा भुगा गेला, पण कानांमागे थोडे पापुद्रे परत दिसले. म्हणजे दोन्ही होतं! तिला केटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायला दिला. महिन्याभरात टाळू शांत झाली.

"केसही गळतायत," असंही ती म्हणाली होती. गळलेला केस उजेडात धरून पाहिला. टोकाला पांढरा बारीक गोळा असेल तर तो मुळापासून आला, नसेल तर मधेच तुटला. तिचे बरेचसे तुटलेले होते, कोरड्या, खरखरीत केसांतून रोज जोरात ब्रश ओढल्यामुळे.

म्हणून ड्राय शॅम्पू टाकून द्यायची गरज नाही. दोन धुण्यांच्या मध्ये एखाद-दोनदा चालतो. डबा वीतभर लांब धरा, फक्त मुळांशी थोडा फवारा मारा, दोन मिनिटं थांबा, मग चोळून ब्रशने झटका. ओल्या किंवा खोबरेल तेल लावलेल्या केसांवर मारलात तर नुसता लगदा होईल. टाळूवर जखम किंवा पुरळ असेल तर मुळीच नको. फवारा मारताना खिडकी उघडी ठेवा. त्यातला वायू पेट घेतो, त्यामुळे गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ तर नकोच.

काहींनी कॅन्सरच्या बातमीबद्दल विचारलं आहे. 2022 मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेतून काही ड्राय शॅम्पू परत मागवले, कारण त्यांत बेंझिन सापडण्याची शक्यता होती. बेंझिन हा त्यातला घटक नव्हे. फवाऱ्याच्या वायूतून आलेली ती अशुद्धी होती. ज्यांना ती धास्ती वाटते, त्यांनी फवाऱ्याऐवजी डबीतली पावडर घ्यावी. तिच्यात हा वायू नसतो.

शेजारच्या मुलीने आता बुधवार आणि रविवार धुण्याचे ठरवले आहेत, तेही रात्री नाही, संध्याकाळी, म्हणजे झोपेपर्यंत केस वाळतात. डबा अजून तिच्या कपाटात आहे, पण शुक्रवारपुरताच.